बदलीचा खर्च मागताना: गेलेला पैसा आणि अडकलेला पैसा

बदलीचा आदेश निघाला की कर्मचारी ट्रकचे भाडे, तिकिटे, नव्या घराचे डिपॉझिट, दलाली असे आकडे एकाखाली एक मांडतो आणि आलेली बेरीज कंपनीकडे मागतो. बदली कंपनीच्या सोयीसाठी असल्याने ही मागणी वाजवीच असते, तरीही अनेक कचेऱ्यांत अर्जाचा प्रवास ठरल्यासारखा होतो. ट्रकचे बिल फारशी कुरकुर न होता मंजूर होते, तिकिटांबद्दल कोणी विचारत नाही, मात्र डिपॉझिटच्या ओळीपाशी लेखा विभागाचे पेन थांबते आणि ‘ही रक्कम धोरणात बसत नाही’ असा शेरा पडतो. कर्मचाऱ्याला हा कद्रूपणा वाटतो, कारण सर्वांत मोठी रक्कम तीच असते आणि तिच्यावाचून नव्या गावात घराची किल्ली हाती येत नाही. लेखा विभागाच्या बाजूने पाहिले तर मात्र अडचण रकमेच्या आकाराची नसून तिच्या जातीची असते, आणि ती समजून घेतल्यास तीच रक्कम वेगळ्या शब्दांत मागून मिळवता येते.

एकाच बेरजेतले वेगवेगळे पैसे

घरी गॅसची जोडणी घेताना ग्राहक सिलिंडरमधल्या गॅसचे पैसे देतो आणि सिलिंडर व रेग्युलेटर यांची अनामतही भरतो. पावती एकाच वेळी फाटते, पण गॅसचे पैसे जळून जातात आणि अनामत जोडणी परत केल्यावर हाती येते. बदलीच्या खर्चातही हेच दोन प्रकार एकमेकांत मिसळलेले असतात. ट्रकचे भाडे, तिकीट आणि दलाली हा गेलेला पैसा, तर घरमालकाकडे ठेवलेले डिपॉझिट हा अडकलेला पैसा असून त्यावरचा मालकी हक्क भाडेकरूचाच राहतो. गेलेल्या पैशाची भरपाई करण्याला हिशेबाच्या भाषेत प्रतिपूर्ती म्हणतात. अडकलेल्या पैशाची प्रतिपूर्ती केली, तर घर सोडताना कर्मचाऱ्याला तीच रक्कम घरमालकाकडून दुसऱ्यांदा मिळेल, म्हणून ती कोणताही जागरूक लेखापाल नाकारणारच. अडकलेल्या पैशासाठी मागायची असते ती उचल, म्हणजे ठरलेल्या मुदतीत परत करायची बिनव्याजी आगाऊ रक्कम.

केंद्र सरकारच्या बदली प्रवासभत्त्याची रचना पाहिली की हा फरक नियमांच्या पातळीवरही दिसतो. सातव्या वेतन आयोगानंतर जुलै २०१७ मध्ये निघालेल्या आदेशानुसार बदली झालेल्या कर्मचाऱ्याला स्वतःचा व कुटुंबाचा प्रवासखर्च, घरगुती सामानाच्या वाहतुकीचा खर्च, वाहन नेण्याचा खर्च आणि किरकोळ खर्चासाठी मूळ वेतनाच्या ८० टक्के इतके एकरकमी संयुक्त बदली अनुदान मिळते. सामानासाठी वेतनस्तरानुसार वजनाची मर्यादा व किलोमीटरमागे दर ठरलेला असतो. स्तर सहा व त्यावरील कर्मचाऱ्यांना ६,००० किलोपर्यंतचे सामान नेता येते आणि रस्त्याने नेल्यास त्या आदेशातील दर किलोमीटरला ५० रुपये होता, जो महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की २५ टक्क्यांनी वाढतो. या सविस्तर यादीत घराच्या डिपॉझिटचा उल्लेख कुठेही नाही. खासगी नोकरीत तर बदलीचा खर्च दिलाच पाहिजे असे सांगणारा सर्वसाधारण कायदाही नाही. तिथे नियुक्तिपत्र, कंपनीचे धोरण आणि नीट लिहिलेला अर्ज एवढाच आधार असतो.

पुणे ते बंगळुरू: एक हिशेब

उदाहरणासाठी पुण्याहून बंगळुरूला बदली झालेला, पती, पत्नी आणि एक मूल अशा तिघांच्या कुटुंबातील कर्मचारी घेता येईल. रस्त्याने अंतर सुमारे ८४० किलोमीटर, घर दोन शयनगृहांचे, सोबत एक दुचाकी. पुढील रकमा उदाहरणापुरत्या धरलेल्या असून प्रत्यक्ष दर हंगाम, मजला आणि सामान यांनुसार बदलतात.

सामान हलवण्याची बेरीज ७६,८०० रुपये, प्रवास ३४,५०० रुपये, तात्पुरता मुक्काम ३५,००० रुपये, दलाली ३२,००० रुपये आणि डिपॉझिट १,९२,००० रुपये. एकूण रक्कम ३,७०,३०० रुपये होते आणि त्यातील निम्म्याहून अधिक वाटा एकट्या डिपॉझिटचा असतो. हा आकडा एकगठ्ठा पाहणारा अधिकारी दचकतो. तोच अर्ज ‘१,७८,३०० रुपयांची प्रतिपूर्ती आणि १,९२,००० रुपयांची परतफेडीची उचल’ असा मांडला, तर कंपनीवर पडणारा खरा बोजा निम्म्याहून कमी आहे हे पहिल्या ओळीतच स्पष्ट होते.

सामानाची ओळ: दरपत्रक कसे वाचावे

पॅकर्स-मूव्हर्सकडून येणारे दरपत्रक पुष्कळदा ‘सर्व मिळून’ अशा एका आकड्यात असते आणि अर्जाला ते तसेच जोडणे गैरसोयीचे ठरते, कारण मंजुरी देणाऱ्याला तुलना करता येत नाही. घरातील वस्तूंची यादी आधी करून तीच यादी तीन ठिकाणी दिली आणि दर फोडून मागितले, तरच तीन दरपत्रके एकमेकांशी ताडून पाहता येतात. एरवी एका दरात कपाट खोलून जोडण्याची मजुरी धरलेली असते आणि दुसऱ्यात नसते. वरील उदाहरणात पॅकिंगचे साहित्य व मजुरी १४,००० रुपये, ट्रकचे भाडे ३०,००० रुपये, चढवण्या-उतरवण्याची हमाली ९,००० रुपये आणि दुचाकी ७,००० रुपये, म्हणजे ६०,००० रुपये. त्यावर एकत्रित सेवेला सहसा लागणारा १८ टक्के जीएसटी १०,८०० रुपये आणि विम्याचा हप्ता ६,००० रुपये धरला आहे. ट्रक स्वतंत्र आहे की दुसऱ्याच्या सामानाबरोबर भागीत आहे, हे दरपत्रकात लिहून घेणे आवश्यक असते, कारण भागीचा ट्रक स्वस्त पडतो पण त्याला पोहोचायला अधिक दिवस लागतात आणि ते दिवस हॉटेलच्या बिलात दिसतात.

विम्याची ओळ किरकोळ वाटली तरी ती गाळणे महागात पडू शकते. रस्ते वाहतुकीचा २००७ चा कायदा व त्याखालील नियम यांनुसार, मालाचे अधिक मूल्य आधी जाहीर केले नसेल तर सामान्य वाहतूकदाराची नुकसानीची जबाबदारी दिलेल्या भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित राहते, आणि नुकसानीची लेखी नोटीस माल नोंदवल्यापासून १८० दिवसांत द्यावी लागते. शिवाय ‘विमा’ म्हणून मूव्हर्स जी टक्केवारी लावतात, तिच्यामागे प्रत्येक वेळी विमा कंपनीची पॉलिसी असतेच असे नाही. काही वेळा ते वाहतूकदाराने स्वतःच्या जोखमीपोटी घेतलेले शुल्क असते. पॉलिसीचा क्रमांक व विमा कंपनीचे नाव मागितले की फरक लगेच कळतो. याउलट, वापरलेल्या घरगुती सामानाला जीएसटीच्या नियमांप्रमाणे ई-वे बिल लागत नाही, म्हणून त्या नावाने वेगळी रक्कम लावलेली दिसल्यास ती हरकत घेऊन काढायला सांगावी.

अंतिम बिलाबरोबर बिल्टी, म्हणजे माल ट्रकवर चढवल्याची वाहतूकदाराने दिलेली पावती, जोडावी लागते. तिच्यावर ट्रकचा क्रमांक, कोठून कोठे, तारीख आणि वस्तूंची यादी असते. लेखापरीक्षक संशय आल्यास हा वाहन क्रमांक परिवहन विभागाच्या नोंदीत शोधतात. बिहारच्या गाजलेल्या चारा घोटाळ्यात जनावरे व चारा वाहून नेल्याचे दाखवलेले काही क्रमांक नोंदीत स्कूटरचे निघाले होते, हे पाहता ही तपासणी काही नुसती औपचारिकता नाही.

प्रवास आणि तात्पुरता मुक्काम

प्रवासाच्या ३४,५०० रुपयांमध्ये तिघांची विमानाची तिकिटे १६,५०० रुपये, दोन्ही टोकांचे टॅक्सीभाडे ३,००० रुपये आणि घर पाहण्यासाठी एकट्याने केलेली दोन रात्रींची फेरी १५,००० रुपये असे तीन भाग आहेत. घर पाहण्याची फेरी ही रुजू होण्याच्या प्रवासापासून वेगळी ओळ म्हणून दाखवलेली बरी, कारण काही कंपन्यांचे धोरण तिला मान्यता देते आणि काहींचे देत नाही. दोन्ही एकत्र लिहिल्यास मान्य ओळही तिच्याबरोबर अडकते.

तात्पुरत्या मुक्कामासाठी दहा रात्री, प्रत्येकी ३,५०० रुपये धरल्या आहेत. दहा ही संख्या मनाने ठरवलेली नसून ती ट्रक पोहोचण्याचा अंदाज आणि घराचा ताबा मिळण्याची तारीख यांतून आली, हे अर्जात एका वाक्यात लिहावे. आयकराच्या मूल्यमापन नियमांनी बदलीच्या वेळी मालकाने दिलेला हॉटेलचा मुक्काम एकूण १५ दिवसांपर्यंत करपात्र सुविधा मानलेला नाही. त्यापुढचे दिवस कर्मचाऱ्याच्या उत्पन्नात मोजले जातात. म्हणून मुक्काम पंधरवड्याच्या आत बसवण्याकडे लेखा विभागाचा कल असतो.

करमुक्त काय आणि करपात्र काय

अर्जातील ओळी वेगळ्या ठेवण्यामागचे सर्वांत भक्कम कारण आयकर हे आहे. १९६१ च्या आयकर अधिनियमाचे कलम १०(१४) आणि नियम २बीबी यांनी बदलीच्या प्रवासासाठी दिलेला भत्ता करमुक्त ठरवला आणि सामानाचे पॅकिंग व वाहतूक यांसाठी दिलेल्या रकमाही त्यात धरल्या, मात्र प्रत्यक्ष खर्च झाला असेल तेवढ्यापुरत्याच. नव्या करप्रणालीतही ही सवलत टिकून राहिली. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, त्यामुळे अर्जात कलमाचा क्रमांक लिहिण्याऐवजी तो लेखा विभागाला विचारून घेणे चांगले. ‘प्रत्यक्ष खर्चापुरतेच’ या अटीचा अर्थ असा की कंपनीने बिले न मागता एक लाख रुपये ‘बदली बोनस’ म्हणून पगारात घातले, तर ती सगळी रक्कम पगारासारखी करपात्र होते, आणि तेवढीच रक्कम बिलांवर दिली तर सामान व प्रवासापुरती ती करमुक्त राहते. एकरकमी बोनस सोपा म्हणून स्वीकारणारा कर्मचारी त्या सोयीची किंमत स्वतःच्या खिशातून मोजतो.

दलाली या सवलतीच्या कडेवर उभी असते. ती बदलीमुळेच द्यावी लागली हे खरे असले, तरी ती प्रवासही नाही आणि सामानाची वाहतूकही नाही, त्यामुळे सावध लेखापाल ती करपात्र धरून देतो. त्यासाठी भांडत बसण्यापेक्षा तिची ओळ वेगळी ठेवून दलालाची पावती जोडावी. करपात्र असली तरी मिळालेली रक्कम न मिळालेल्या रकमेपेक्षा बरीच.

डिपॉझिटचे गणित

उदाहरणातील घराचे भाडे ३२,००० रुपये आणि डिपॉझिट सहा महिन्यांचे. महाराष्ट्रात दोन-तीन महिन्यांच्या डिपॉझिटची सवय असलेल्या माणसाला हे अवाच्या सवा वाटते, पण बंगळुरूमध्ये एके काळी दहा महिन्यांचे डिपॉझिट प्रचलित होते. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्याने राहत्या घरासाठी दोन महिन्यांची कमाल मर्यादा सुचवली. मात्र तो नमुना कायदा असल्याने ज्या राज्याने तो स्वीकारला नाही तिथे तो भाडेकरूच्या कामाचा नाही.

आता ही रक्कम दोन प्रकारे मागून पाहता येईल. कंपनीने १,९२,००० रुपये अनुदान म्हणून दिले आणि कर्मचारी ३० टक्क्यांच्या टप्प्यात असला, तर उपकरासह ३१.२ टक्के दराने ५९,९०४ रुपये कर कापला जाऊन त्याच्या हाती १,३२,०९६ रुपये येतील, म्हणजे डिपॉझिट भरायला ते पुरणारच नाहीत. पूर्ण रक्कम हाती पडायची असेल तर कंपनीला सुमारे २,७९,००० रुपये खर्ची टाकावे लागतील. एवढे करून ती रक्कम पुढे घरमालकाकडून कर्मचाऱ्याच्याच खिशात परत येणार असल्याने हा मार्ग कोणत्याही कंपनीला पटत नाही.

उचलीचा हिशेब निराळा आहे. बदलीत नवे डिपॉझिट आधी भरावे लागते आणि जुन्या घराचे डिपॉझिट घर रिकामे केल्यावर मिळते. उदाहरणातील कर्मचाऱ्याला पुण्याच्या घराचे ७५,००० रुपये महिन्याभरात परत मिळणार आहेत, तेव्हा ते मिळताच कंपनीला द्यायचे आणि उरलेले १,१७,००० रुपये ९,७५० रुपयांच्या बारा हप्त्यांत पगारातून कापून घ्यायचे, असा प्रस्ताव त्याला देता येतो. बिनव्याजी उचल ही आयकराच्या दृष्टीने सुविधा असल्याने नियमांतील सूट-मर्यादेत बसणाऱ्या रकमा वगळता तिच्यावरचे काल्पनिक व्याज उत्पन्नात मिळवले जाते. त्यासाठी स्टेट बँकेचा तशाच कर्जाचा दर घेऊन प्रत्येक महिनाअखेरच्या थकबाकीवर आकारणी होते. उचल या मर्यादेबाहेर आहे असे समजून हिशेबापुरता दर वर्षाला १२ टक्के धरला तर वरील वेळापत्रकात हे व्याज सुमारे ७,६०० रुपये आणि त्यावरचा कर सुमारे २,४०० रुपये होतो. अनुदानावर जवळपास साठ हजारांचा कर आणि उचलीवर फार तर अडीच हजारांच्या आतबाहेर, एवढे अंतर केवळ मागणीच्या शब्दांमुळे पडते.

जुन्या डिपॉझिटचा उल्लेख स्वतःहून करणे अनेकांना नुकसानीचे वाटते, पण मंजुरी देणारा अधिकारी तो प्रश्न विचारणारच असतो, आणि उत्तर अर्जात आधीच असले की बाकीच्या आकड्यांवरही त्याचा विश्वास बसतो. डिपॉझिटबाबत बंगळुरूमधील आणखी एक प्रघात लक्षात ठेवावा: घर सोडताना रंगकामापोटी साधारण एका महिन्याचे भाडे डिपॉझिटमधून कापले जाते. हा भाग खरोखर गेलेला पैसा आहे, तरी तो घर सोडतानाच जातो, म्हणून आजच्या अर्जात त्याची प्रतिपूर्ती मागता येत नाही.

काही कंपन्या तिसरा मार्ग वापरतात आणि घर स्वतःच्या नावाने भाड्याने घेतात. डिपॉझिट तेव्हा कंपनीच्याच येणे रकमांत राहते आणि कर्मचाऱ्याला ते भरावे लागत नाही, मात्र त्याला घरभाडे भत्ता सोडावा लागतो आणि कंपनीचे घर ही सुविधा म्हणून करपात्र होते, तेव्हा होकार देण्यापूर्वी दोन्ही हिशेब करून पाहावेत.

> अर्जातील डिपॉझिटचा परिच्छेद: एक नमुना
>
> विषय: बदलीनिमित्त खर्चाची प्रतिपूर्ती व उचल मिळण्याबाबत
>
> महोदय/महोदया,
>
> सोबतच्या तक्त्यातील अ. क्र. १ ते ४ मधील रु. १,७८,३०० हा बदलीमुळे होणारा खर्च असून तो बिले सादर केल्यावर प्रत्यक्ष रकमेनुसार मिळावा, ही विनंती. अ. क्र. ५ मधील रु. १,९२,००० ही नव्या निवासस्थानाची परत मिळणारी अनामत असल्याने तेवढ्या रकमेची बिनव्याजी उचल मिळावी. पुणे येथील निवासस्थानाची रु. ७५,००० अनामत परत मिळताच ती एकरकमी जमा केली जाईल व उर्वरित रु. १,१७,००० दरमहा रु. ९,७५० प्रमाणे बारा हप्त्यांत वेतनातून कापून घेण्यास संमती आहे. भाडेकराराची प्रत ताबा मिळाल्यापासून सात दिवसांत सादर केली जाईल.
>
> तक्ता: १) सामान हलवणे रु. ७६,८०० २) प्रवास रु. ३४,५०० ३) तात्पुरता मुक्काम रु. ३५,००० ४) दलाली रु. ३२,००० ५) अनामत रु. १,९२,०००

मंजुरीनंतरच्या अटी

मंजुरीपत्रात बहुधा अशी अट असते की ठरावीक मुदतीत, पुष्कळदा एका वर्षात, नोकरी सोडल्यास बदलीचा खर्च परत करावा लागेल. सही करण्यापूर्वी दोन गोष्टी लिहून घेण्याजोग्या आहेत. एक, वसुली पूर्ण रकमेची होणार की उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात, कारण अकराव्या महिन्यात सोडणाऱ्याला पहिल्या प्रकारात सगळेच द्यावे लागते. आणि दोन, कंपनीनेच पुन्हा बदली केली किंवा नोकरीवरून कमी केले तर ही अट लागू होणार नाही. उचलीची उरलेली रक्कम या अटीत धरू नये. ती कर्मचाऱ्याच्या नावावरचे साधे देणे असते आणि नोकरी सोडताना अंतिम हिशेबातून वळती होते.

बिले सादर करण्याच्या मुदतीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी बदली प्रवासभत्त्याचा दावा करण्याची मुदत पूर्वी एक वर्ष होती, ती २०१८ मध्ये प्रवास संपल्यापासून ६० दिवसांवर आणली गेली. खासगी कंपन्यांच्या मुदती त्यांच्या धोरणात दिलेल्या असतात आणि त्या याहूनही कमी असू शकतात, म्हणून अर्ज रुजू होण्यापूर्वी द्यावा, मंजुरी लेखी घ्यावी आणि बिल्टी, तिकिटे व पावत्या सामान उघडण्याच्या धांदलीत एखाद्या खोक्याच्या तळाशी जाण्याआधीच लेखा विभागाकडे पोहोचवाव्यात.